फोटोतला वडस आणि बाहुलीतला मोतीबिंदू

शेतकऱ्याच्या डोळ्याचा जवळून काढलेला फोटो मोबाइलवर आला की नजर आधी जाते ती लाल मांसाकडे. नाकाच्या बाजूने बुबुळावर चढलेला तो त्रिकोणी पापुद्रा म्हणजे वडस. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नाव टेरिजियम असं असतं. तो इतका ठळक दिसतो की फोटो पाठवणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे मांस कधी काढायचं?" त्याच फोटोत बाहुली थोडी राखाडी दिसत असते, पण तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा दृष्टी गेलेली असते ती त्या राखाडी रंगामुळे. मात्र एकाच डोळ्यात वडस आणि मोतीबिंदू दोन्ही असले, तर आधी कशाला हात लावायचा हे वडस पाहूनच ठरवावं लागतं.

आधी फोटोबद्दल. तो घराच्या ओसरीत किंवा खिडकीजवळ, दिवसाउजेडी, पण ऊन थेट डोळ्यावर न घेता काढावा. मागचा कॅमेरा वापरावा. मोबाइल डोळ्याला भिडवला की चित्र धूसर येतं आणि मोबाइलची सावलीही पडते. त्यापेक्षा वीतभर अंतर ठेवून थोडं झूम करावं. प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो पुरतात : एक समोर पाहताना आणि एक कानाच्या बाजूला पाहताना. नाकाकडचा पांढरा भाग दुसऱ्या फोटोतच नीट उघडा पडतो. वरची पापणी बोटाने हलकेच उचलावी, डोळा दाबू नये. फोटोखाली उजवा की डावा हे लिहावं, कारण सेल्फी कॅमेऱ्यात बाजू उलटते आणि मग चुकीच्या डोळ्याची चर्चा सुरू होते.

आता पाहायचं काय? नाकाकडच्या कोपऱ्यात एक गुलाबी, मांसल गोळी असते. ती प्रत्येकाला जन्मापासून असते, तो वडस नाही. पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेजवळ पिवळसर उंचवटा असेल आणि तो कडेपाशीच थांबला असेल, तर तोही वडस नाही. उन्हाने आणि वयाने पापुद्रा तसा जाड होतो, त्याला सहसा काही करावं लागत नाही. वडस म्हणायचं ते कड ओलांडून बुबुळावर चढलेल्या पापुद्र्याला. त्याचं टोक बाहुलीच्या दिशेने असतं आणि रुंद बूड पांढऱ्या भागावर.

तो बहुधा नाकाच्याच बाजूला का येतो, याचं एक पटणारं स्पष्टीकरण आहे. कानाच्या बाजूने तिरपा येणारा सूर्यप्रकाश बुबुळाच्या बाकातून वळतो आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतो. वर्षानुवर्षं अतिनील किरणांचा हा मारा, त्यात वारा, धूळ आणि मळणीचा भुसा. म्हणून शेतकरी आणि मासेमार यांच्यात हा आजार जास्त दिसतो. समोरून येणारं ऊन टोपीने अडतं, बाजूने येणारं अडत नाही. बाजू झाकणारा गॉगल उपयोगी पडतो तो त्यासाठी.

फोटोवरून वडसाचं माप अंदाजाने काढता येतं. मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण पावणेबारा मिलिमीटर असते आणि ती माणसागणिक फारशी बदलत नाही. वडसाने बुबुळाच्या रुंदीचा चौथा भाग व्यापला असेल, तर तो तीन मिलिमीटरच्या आसपास आत आला आहे. दिवसाच्या उजेडात बाहुली तीनेक मिलिमीटरची धरली, तर तिची कड बुबुळाच्या कडेपासून सव्वाचार-साडेचार मिलिमीटरवर येते. म्हणजे तीन मिलिमीटरचा वडस बाहुलीपासून अजून मिलिमीटरहून थोडा जास्त लांब आहे. पण नुकसान करायला त्याने बाहुली गाठायलाच हवी असं नाही. दोन-तीन मिलिमीटर आत आलेला वडस बुबुळाची गोलाई आडव्या दिशेने चपटी करतो आणि माणसाला तिरपा नंबर लागतो. अक्षरं पसरलेली दिसतात, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाटल्यासारखा दिसतो. हा तिरपेपणा फोटोत दिसत नाही, तो यंत्रावरच मोजावा लागतो.

फोटोत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते, ती म्हणजे वडसाचा पोत. पातळ, फिकट, ज्याच्या आरपार खालच्या रक्तवाहिन्या दिसतात असा वडस बहुधा शांत असतो. जाड, लाल, आरपार काही न दिसणारा वडस वाढीला लागलेला असू शकतो. तरी एका फोटोवरून वाढ कळत नाही. त्याच जागी, तशाच उजेडात सहा महिन्यांनी दुसरा फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवा. टोक जिथल्या तिथे असेल आणि खुपणं सोडून तक्रार नसेल, तर घाई नाही. खुपण्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि गॉगल एवढ्यावर पुष्कळांची अनेक वर्षं निघतात. थेंबांनी वडस विरघळत मात्र नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

मोतीबिंदूचं उलट आहे. तो बाहुलीच्या मागच्या भिंगात असतो, आणि उजेडात बाहुली आकसलेली असल्यामुळे फोटोत त्याचा छोटासा तुकडाच दिसतो. बाहुलीवर चमकणारा पांढरा ठिपका पाहून पुष्कळ लोक "मोतीबिंदू दिसला" असं ठरवतात. तो बहुधा खिडकीचा किंवा फ्लॅशचा परावर्तित उजेड असतो. मोबाइल हलवून दुसरा फोटो काढला की ठिपकाही जागा बदलतो. साठीनंतर बाहुली थोडी राखाडी दिसणंही नेहमीचंच आहे, त्या माणसाची नजर उत्तम असू शकते. याउलट भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर येणारा मोतीबिंदू फोटोत जवळजवळ दिसत नाही, पण उन्हात माणसाला हैराण करतो. घरात ठीक दिसतं, शेतात गेलं की सगळं पांढरंफटक, अशी त्याची तक्रार असते. स्टेरॉइडची औषधं दीर्घकाळ घेतलेल्यांत आणि मधुमेह्यांत हा प्रकार जास्त आढळतो. लाल डोळ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, हे इथेच सांगून ठेवतो. वडसाची लाली कमी होते म्हणून ते थेंब महिनोन्‌महिने घातले जातात आणि त्यांतून मोतीबिंदू वाढतो, डोळ्यातला दाबही वाढतो.

म्हणून मोतीबिंदूची पारख फोटोवर न करता नजरेवर करावी. ती घरीही करता येते. भिंतीवरची दिनदर्शिका ठरावीक अंतरावर ठेवा, नेहमीचा चष्मा लावा आणि एकेक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो आणि "मला दिसतंय की" असं उत्तर मिळतं. मग जाड कागदाला सुईने बारीक भोक पाडून त्यातून तीच तारीख वाचायला लावा. भोकातून बरंच स्पष्ट दिसलं, तर दोषाचा मोठा भाग नंबराचा आहे आणि आधी चष्मा तपासून घ्यावा. भोकातूनही तसंच धूसर दिसलं, तर दोष बहुधा भिंगात किंवा मागच्या पडद्यात आहे. पडदा ठीक आहे की नाही, हे डॉक्टरने बाहुली मोठी करून आत पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ते कुणा एकाचं नाही, पण असे रुग्ण प्रत्येक जिल्हा रुग्णालयात येतात. नाशिक जिल्ह्यातले कांदा पिकवणारे आबा, वय ६४. मुलाने पाठवलेल्या फोटोत उजव्या डोळ्यात नाकाकडून लालभडक वडस आहे, बुबुळाच्या चौथ्या भागापर्यंत आलेला. बाहुली तपकिरी-राखाडी आहे. डाव्या डोळ्यात वडस नखाएवढाही नाही, कडेवर जेमतेम मिलिमीटरभर, मात्र बाहुली पांढरट आहे. घरच्यांना वाटतं, बिघडलेला डोळा उजवा. तोच लाल आहे, त्यातूनच पाणी येतं.

तपासणीत निघालं ते असं. उजव्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/३६, म्हणजे निरोगी माणसाला छत्तीस मीटरवरून वाचता येणारं अक्षर वाचायला आबांना सहा मीटरवर यावं लागतं. डाव्या डोळ्याने दोन मीटरवरची बोटं जेमतेम मोजता येतात. अधू डोळा डावा आहे आणि आबा इतकी वर्षं उजव्याच डोळ्यावर चालवत आलेत. खुपत नव्हतं म्हणून डाव्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

डाव्या डोळ्याचा निर्णय सोपा आहे. मोतीबिंदू पिकलेला आहे, छोटा वडस कृत्रिम भिंगाच्या मापाच्या आड येत नाही, उजेडाची जाणीव चारही दिशांनी आहे, तेव्हा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्यांदा याच डोळ्यावर. इतका घट्ट पांढरा मोतीबिंदू असला की मागचा पडदा थेट दिसत नाही, म्हणून तो सोनोग्राफीने तपासून घेतात. आणि नजर किती परत येईल याचं आश्वासन आधी कुणी देऊ नये.

उजव्या डोळ्यात खरा पेच आहे. मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवायचं तर त्याचा नंबर आधी काढावा लागतो, आणि तो निघतो डोळ्याची लांबी व बुबुळाची गोलाई या दोन मापांतून. आबांच्या उजव्या बुबुळाची गोलाई आडव्या दिशेने ४०.५ आणि उभ्या दिशेने ४४ भरली. सरासरी ४२.२५. उभ्या-आडव्यातला साडेतीनचा फरक म्हणजेच तो तिरपा नंबर, आणि आडवी दिशा चपटी आहे ती वडसामुळे. या मापावर भिंग बसवलं आणि वर्षभराने वडस काढला, तर बुबुळ पुन्हा गोल होईल. समजा आडवं माप ४२.७५ वर आलं, तर सरासरी जाते ४३.४ च्या जवळ, म्हणजे एका नंबराहून थोडी जास्त. आत बसलेलं भिंग मात्र जुन्या मापाचंच राहणार. परिणामी आबांना दूरचं धूसर दिसेल आणि उणे एकच्या आसपास चष्मा लागेल. नवं भिंग बसवूनही बसवर लिहिलेलं गाव वाचता येत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत काही जण असे असतात.

म्हणून क्रम असा : आधी वडस काढायचा, मग बुबुळाचा आकार स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग नव्याने माप आणि मग मोतीबिंदू. थांबायचं साधारण दोन-तीन महिने. दोन भेटींतली मापं जुळली की आकार स्थिर झाला असं धरतात. या मधल्या काळात आबांचा डावा डोळा कामाला येतो, म्हणूनच तो आधी करून घ्यायचा. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच बैठकीत उरकण्याची सोय आहे आणि लांबून येणाऱ्या रुग्णाला तिचा मोहही होतो. वडस मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा असेल आणि माप बिघडवत नसेल, तर ते चालून जातं. तीन मिलिमीटरच्या वडसात भिंगाचा नंबर अंदाजाने ठरवावा लागतो. माझं मत विचाराल तर एक खेप वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

वडस काढायला कधी सांगावं? टोक बाहुलीकडे सरकताना दिसतंय, तिरप्या नंबरामुळे चष्म्यानेही नीट दिसत नाही, डोळा बाहेरच्या बाजूला वळवताना ओढ बसते किंवा दोन-दोन दिसतं, थेंब घालूनही लाली आणि खुपणं हटत नाही, किंवा आबांसारखं मोतीबिंदूचं माप अडलंय. यातलं काहीच नसेल आणि केवळ दिसायला बरं वाटत नाही म्हणून काढायचं असेल, तर तेही चूक नाही. फक्त तो परत येऊ शकतो हे समजून काढावा. ही शक्यता तरुण वयात जास्त असते.

परत येण्याचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या पद्धतीशी जोडलेला आहे. नुसता वडस कापून जागा उघडी ठेवण्याची पद्धत जुनी. त्यात तिघांतल्या एकाला, कधी त्याहून अधिक जणांना तो पुन्हा येतो, आणि पुन्हा आलेला वडस पहिल्यापेक्षा जाड आणि चिवट असतो. आता त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचा निरोगी पातळ पापुद्रा काढून उघड्या जागेवर बसवतात. हे कलम बारीक टाक्यांनी, जैविक डिंकाने किंवा रुग्णाच्याच रक्ताच्या गुठळीने चिकटवतात. यात तो परत येण्याचं प्रमाण दहातल्या एखाद्यावर येतं. तेव्हा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना "कलम लावणार ना?" एवढं विचारायला संकोच करू नका. भूल डोळ्यापुरतीच असते आणि काम अर्ध्या-पाऊण तासाचं. पण पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच टोचतो, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. लाली जायला दोन-तीन आठवडे लागतात. थेंब महिना-दोन महिने चालतात, आणि त्यांत स्टेरॉइड असल्यामुळे मधून डोळ्याचा दाब तपासायला बोलावतात. तपासणीची ती तारीख चुकवू नये.

गावोगाव वडस खरवडून देणारेही असतात. टोक खरवडलं की चार दिवस डोळा मोकळा वाटतो. मग बूड शाबूत असल्यामुळे वडस पुन्हा वाढतो, आणि न उकळलेल्या हत्याराने बुबुळाला जखम झाली तर तिथे कायमचं फूल पडतं. वडसाने नजर जायला वर्षं लागतात, अशा जखमेने ती आठवड्यात जाऊ शकते.

मोतीबिंदूची वेळ ठरवताना "पिकू द्या, मग काढू" हा सल्ला अजून ऐकू येतो. एकेकाळी तो योग्य होता, कारण तेव्हाच्या पद्धतीत घट्ट झालेलं भिंग अख्खं काढणं सोपं जाई. आज भिंग आतच फोडून लहान छेदातून काढतात किंवा थोड्या मोठ्या, बिनटाक्याच्या छेदातून बाहेर घेतात, आणि दोन्हींत ते फार कडक झालेलं असलं तर अडचणच होते. त्यामुळे निकष पिकण्याचा नाही, कामाचा. औषधाच्या डब्यावरचं प्रमाण वाचता येत नाही, संध्याकाळी बांधावरून चालताना पाय चुकतो, फवारणीच्या पंपाचा नोझल हाताने चाचपावा लागतो, दुचाकी चालवताना समोरच्या दिव्याने डोळे दिपतात : यातलं एखादं तरी खरं असेल आणि चष्म्याने भागत नसेल, तर वेळ झाली. यातलं काहीच अडत नसेल, तर तपासणीत मोतीबिंदू निघाला म्हणून लगेच काढायचं कारण नाही, वर्षाने पुन्हा दाखवावं. बाहुली पूर्ण पांढरी झाली असेल तर मात्र थांबू नये. फार जुना मोतीबिंदू फुगतो किंवा आतून पाझरतो आणि डोळ्याचा दाब एकाएकी चढतो.

ऋतूचा विचार करायचा तो पिकाच्या दृष्टीने. थंडीतच शस्त्रक्रिया करावी या समजाला आता आधार उरलेला नाही. पण त्यानंतर तीन-चार आठवडे धूळ, शेण, खताची पोती आणि डोक्यावरचं ओझं यांपासून लांब राहावं लागतं. कांदा काढणीच्या तोंडावर तारीख घेतली तर हे पाळलं जाणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तारीख मागताना तेही डॉक्टरांना सांगा. जाताना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. लघवीच्या त्रासासाठी, म्हणजे प्रोस्टेटसाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी, विशेषतः टॅमसुलोसिनने, शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही. डॉक्टरला आधी माहीत असलं तर तो तयारीत असतो. रक्तातली साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पू येत असेल तर अश्रुनलिकेचा इलाज आधी. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी शिबिरांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. वडसाची सोय कुठे आहे ते मात्र वेगळं विचारावं लागतं.

शेवटी, ज्या डोळ्यांसाठी वाट पाहायची नसते ते असे. उसाचं पान किंवा कुसळ लागल्यावर बुबुळावर पांढरा डाग उठला आणि डोळा दुखतोय, तर तो मोतीबिंदू नाही, बुबुळाची जखम चिघळली आहे. वडसासारखं दिसणारं मांस चकचकीत लिबलिबीत किंवा पांढऱ्या खवल्यांचं आहे, जाड रक्तवाहिन्या त्यात शिरताहेत आणि ते काही आठवड्यांतच वाढलंय, तर ते कर्करोगाच्या दिशेने जाणारं असू शकतं. काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. पांढऱ्या बाहुलीचा डोळा अचानक लाल होऊन डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, तर दाब चढला आहे. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, नजर आदल्या दिवसापेक्षा मंदावली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. या चारांपैकी काहीही दिसलं तर फोटो काढून उत्तराची वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा.